तात्यांचं 'काय?' ठेवू की काढू? (मुलाखतीवरून लेख लिहिताना)

माळावरची

एका छोट्या दिवाळी अंकासाठी निवृत्त एसटी ड्रायव्हरवर लेख लिहितेय. त्यांना इथे नुसतं तात्या म्हणते. कराड-चिपळूण रस्त्यावर, म्हणजे कुंभार्ली घाटात, त्यांची बरीच नोकरी गेली. पाटणजवळ त्यांच्या घरी बसून २ तास १० मिनिटं रेकॉर्डिंग केलं आणि मग आठ दिवस कानाला हेडफोन लावून शब्द न् शब्द उतरवला. जवळजवळ १५,००० शब्द झाले. संपादकांनी दिलेत १८००.

पहिला मसुदा मी स्वच्छ मराठीत लिहिला. नवऱ्याने वाचला आणि म्हणाला, "तात्या आकाशवाणीवर निवेदक होते का?" मग चिडून दुसरा लिहिला. त्यात त्यांचं बोलणं होतं तसं ठेवलं. तो वाचताना नवरा चौथ्या पानावर झोपला.

नमुना देते. रेकॉर्डिंगमधलं जसंच्या तसं:

"तर मग ते काय झालं, आता तुमाला सांगतो, ती रात्रीची चिपळूण मुक्कामी. मुक्कामी म्हंजे काय, तितंच झोपायचं, सकाळी गाडी काढायची. बरं. मग. कंडक्टर कोन व्हता, कंडक्टर… थांबा, त्यो न्हाय, त्यो नंतर आला. आसू दे. कोन बी आसू दे. तर घाटात धुकं. धुकं म्हंजे आसं, ताई, बोनेट दिसंना. बोनेट दिसंना म्हंजे बघा. मग म्या काय केलं, कंडक्टरला म्हनलं, उतर. म्हनला, कुटं? म्हनलं, खाली. बॅटरी घी आन् म्होरं चाल. काय? मग त्यो म्होरं चालतुय आन् मी मागनं. पयल्या गेरात. आसं दोन किलोमीटर. दोन का अडीच… दोनच. पाशिंजर सगळं गप. कोन बोलंना. काय?"

हे 'काय?' पूर्ण फाइलमध्ये २१२ वेळा आलंय. मोजलं. सगळी ठेवली तर वाचक पळेल, सगळी काढली तर तात्या पळतील. तुम्ही कसं करता?

चहाबाज

२१२ भागिले १३० मिनिटं. दर ३७ सेकंदांनी एक 'काय?'. आमच्या सासूबाई याहून फास्ट आहेत.

नाशिकचे_आजोबा

चांगला विषय. माझा सल्ला, नेहमी दोन फोनवर रेकॉर्डिंग करावे. माझ्या वडीलबंधूंच्या आठवणी घेताना एक फोन बंद पडला आणि १९७२ च्या दुष्काळाचा सगळा भाग गेला. पंखाही बंद ठेवावा. पंख्याचा आवाज फार येतो.

माळावरची

आजोबा, धन्यवाद, पण रेकॉर्डिंग झालंय हो. अडलंय ते पुढे. (पंखा चालू होता. तुमचं बरोबर आहे.)

शुद्धमती

सरळ नियम ठेवा. लेखकाचं निवेदन प्रमाण मराठीत आणि बोली फक्त अवतरणचिन्हांत. 'म्हंजे', 'बरं', 'मग', 'काय' हे सगळे भरतीचे शब्द, ते अवतरणातूनही काढा. अर्थ बदलत नाही. आणि 'म्या' आणि 'मी' दोन्ही आलेत, त्यातलं एकच ठेवा. एकाच परिच्छेदात दोन रूपं म्हणजे मुद्रितशोधनाची चूक वाटते.

सातारी_कंदी

शुद्धमती, थांबा जरा. मी पाटणचाच. 'म्या केलं' आणि 'मी गेलो' ही चूक नाही, ते व्याकरण आहे आमचं. क्रियापद 'केलं', 'म्हनलं', 'बघितलं' असलं की म्या. 'गेलो', 'चालतुय' असलं की मी. तात्यांचं वाक्य परत वाचा: "म्या काय केलं" आणि "मी मागनं". बरोबर जागी बरोबर रूप आलंय. एकच ठेवलंत तर आमच्याकडचा वाचक म्हणेल ही बाई कधी घाट चढलीच नाही.

'दिसंना'चं 'दिसेना' पण करू नका. आणि 'गेर' हे गिअरच आहे, पण ड्रायव्हर गेरच म्हणतो.

शुद्धमती

हे मला माहीत नव्हतं. 'म्या'चं मागे घेते. भरतीच्या शब्दांचं नाही.

शाईचा_डाग

एका साप्ताहिक पुरवणीत मी वीसेक वर्षं हेच काम केलं, म्हणून थोडं लांब लिहितो.

धागाकर्तीने 'काय?' मोजलं ते चांगलंच, पण आकडा पुरत नाही. कागदावर ते २१२ एकसारखे दिसतात, कानाला तसे लागत नाहीत. रेकॉर्डिंग परत लावा आणि प्रत्येक 'काय?'नंतर तात्या किती थांबतात एवढंच ऐका. न थांबता पुढे गेले तर तो श्वास घेण्यासाठीचा शब्द आहे, तो खुशाल काढा. तिथे शुद्धमती बरोबर आहेत. थांबले, तुमच्याकडे बघितलं (हे तुम्हाला आठवत असेल), मग विषय बदलला, तर तो शब्द राहिलाच पाहिजे. तिथे ते काहीतरी सांगायचं टाळतायत किंवा सांगून संपलंय.

दुसरं, लकब म्हणजे नुसतं उच्चाराचं स्पेलिंग नाही. नमुन्यात मला तीन लकबी दिसतात आणि तिन्ही प्रमाण मराठीत लिहिल्या तरी टिकतील. एक, प्रश्न स्वतःच विचारायचा आणि उत्तरही स्वतःच द्यायचं ("मुक्कामी म्हंजे काय", "म्या काय केलं"). दोन, आकडा आधी डगमगतो आणि मग पक्का होतो ("दोन का अडीच… दोनच"). लॉगशीट भरण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचं बोलणं आहे ते. तीन, 'आसू दे' म्हणून विषय सोडून देणं. पूर्ण लेखात या प्रत्येकीचे दोन-तीन नमुने आले की वाचक बाकीचं मनात ऐकतो. दहा आले की नक्कल होते.

तिसरं, मराठीची एक सोय वापरा. आपल्याकडे अवतरणचिन्हाशिवायही माणूस बोलू शकतो. उदाहरणार्थ (हे वाक्य माझं, तात्यांचं नाही): तात्या म्हणतात, घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसला तो नवखा, ज्या गिअरला चढलास त्याच गिअरला उतर. इथे अवतरण नाही, बोली नाही, तरी शब्दांचा क्रम आणि वाक्याची लांबी ड्रायव्हरची आहे. १८०० शब्दांपैकी निम्मं बोलणं असं निवेदनात मुरवलंत तर अवतरणात मोजकं आणि खणखणीत तेवढंच उरेल.

बंड्या_रिटर्न्स

'काय?' आलं की वाचकाने टाळी द्यावी अशी तळटीप टाका. ह.घ्या.

काळा_कोट

माझं क्षेत्र वेगळं, पण राहवत नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे साक्षीदाराचा जबाब मराठीत टाइप होतो तो वाचा कधी. शेतकरी असो, डॉक्टर असो, सगळे एकाच आवाजात बोलतात: "हे म्हणणे खरे नाही की, मी घटनास्थळी हजर नव्हतो." साक्षीदार प्रत्यक्षात म्हणालेला असतो, "न्हाय बा." प्रश्न वकिलाचा, वाक्य न्यायालयाचं आणि खाली सही साक्षीदाराची. तुमचा पहिला मसुदा तसा झाला असणार.

पण शाईचा_डाग, मला उलटी भीती वाटते. अवतरणचिन्ह म्हणजे 'हा माणूस हे बोलला' असं वचन. त्यातून शब्द गाळायला तुम्ही मोकळे कसे?

शाईचा_डाग

गाळायला मोकळा आहे, घालायला नाही. माझा पाळलेला नियम असा: अवतरणातून श्वासाचे शब्द आणि लगेच झालेली पुनरुक्ती जाऊ शकते. नवीन शब्द येणार नाही, शब्द बदलणार नाही आणि १४ व्या मिनिटाचं वाक्य ९७ व्या मिनिटाच्या वाक्याला चिकटवून एका अवतरणात बसवायचं नाही. शेवटची चूक सर्वांत जास्त होते, कारण माणूस एकच गोष्ट तीनदा सांगतो आणि प्रत्येक वेळी एक तपशील चांगला देतो.

माळावरची

अगदी! धुक्याची गोष्ट तात्यांनी तीनदा सांगितली. १४ व्या मिनिटाला वरची. मग ५१ व्या मिनिटाला, तिथे कंडक्टरच्या हातात बॅटरीबरोबर कुणा प्रवासी बाईची छत्री होती. आणि शेवटी चहा घेताना परत, तिथे किलोमीटर तीन झाले. :)

मी दुसऱ्या मसुद्यात तिन्हींचं मिळून एक झकास अवतरण बनवलं होतं. म्हणजे ते चुकलं?

शाईचा_डाग

चुकलं. सर्वांत भरीव सांगणं एक निवडा, अवतरण फक्त त्यातूनच घ्या. छत्री तुमच्या निवेदनात येऊ दे: कंडक्टरने एका बाईची छत्री घेतली. ती माहिती आहे, तिला तात्यांच्या आवाजाची गरज नाही. किलोमीटरचं काय करायचं ते तुमच्यावर, पण तीन लिहू नका. "दोनच" म्हणताना त्यांनी स्वतःला तपासलंय.

माळावरची

रात्री बसून तो उतारा परत लिहिला:

घाटात धुकं लागलं. "धुकं म्हंजे आसं, ताई, बोनेट दिसंना." तात्यांनी कंडक्टरला खाली उतरायला सांगितलं. एका बाईची छत्री घेऊन तो पावसात उतरला. "म्हनलं, बॅटरी घी आन् म्होरं चाल. त्यो म्होरं आन् मी मागनं. पयल्या गेरात. आसं दोन किलोमीटर. दोन का अडीच… दोनच." गाडीत कुणी बोलत नव्हतं. "पाशिंजर सगळं गप. काय?"

चहाबाज

वाचला, झोपलो नाही. पण "म्हनला, कुटं? म्हनलं, खाली." कुठे गेलं? सगळ्या उताऱ्यात मला तेच आवडलं होतं! त्या कंडक्टरचा चेहरा दिसतो त्यात.

सातारी_कंदी

+१. तिथेच तर हसू येतं. "उतरायला सांगितलं" हे डेपोतल्या कंट्रोलरचं वाक्य झालं.

शुद्धमती

आणि "गाडीत कुणी बोलत नव्हतं" झाल्यावर लगेच "पाशिंजर सगळं गप" म्हणजे तेच दोनदा. निवेदनातलं वाक्य काढा. अवतरण जे सांगणार आहे ते आधी स्वतः सांगून टाकायचं, ही सवय मला पेपरांतल्या सगळ्या मुलाखतींत दिसते.

काळा_कोट

"त्यो म्होरं चालतुय" मधलं 'चालतुय' गेलंय. पुनरुक्ती नव्हती, श्वासाचा शब्दही नव्हता. नियम मोडला, माय लॉर्ड. आणि मूळ बोलण्यात पाऊस कुठे आहे? छत्री होती म्हणून पाऊस?

माळावरची

पकडलंत. पाऊस मी छत्रीवरून घातला. फाइल परत ऐकली, पावसाचा एक शब्द नाही. छत्री कशाला घेतली तेही त्यांनी सांगितलेलं नाही. आता असं झालंय:

घाटात धुकं लागलं. "धुकं म्हंजे आसं, ताई, बोनेट दिसंना. मग म्या काय केलं, कंडक्टरला म्हनलं, उतर. म्हनला, कुटं? म्हनलं, खाली. बॅटरी घी आन् म्होरं चाल." कंडक्टर एका बाईची छत्री घेऊन उतरला. "त्यो म्होरं चालतुय आन् मी मागनं. पयल्या गेरात. आसं दोन किलोमीटर. दोन का अडीच… दोनच. पाशिंजर सगळं गप. काय?"

मूळ सांगणं शंभरच्या आसपास शब्दांचं होतं, हे त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त भरतंय.

शाईचा_डाग

हे छापायला द्या. 'मुक्कामी म्हंजे काय' गेलं ते योग्य, त्याचा खुलासा लेखात आधी कुठेतरी तुमच्या शब्दांत करा. शहरातल्या वाचकाला मुक्कामी गाडी माहीत नसते.

मुंबईची_मावशी

मला मुळात एक खटकतंय. उद्या एखाद्या पुण्याच्या प्राध्यापकांची मुलाखत असेल तर तुम्ही "मी आलीये", "म्हंटलं", "अ‍ॅक्च्युअली", "यू नो" सगळं लिहाल का? नाही. त्यांचं साफ कराल. मग ड्रायव्हरचंच 'व्हतं' आणि 'घी' का छापायचं? वाचकाला गंमत वाटावी म्हणून?

सातारी_कंदी

मावशी, प्रश्न बरोबर आहे. पण तात्यांचं 'घी' काढून 'घे' केलं तर ते बोलले कधी? आमच्या घरात कुणी 'घे' म्हणत नाही. लाज वाटायची गोष्ट आहे का ती?

मुंबईची_मावशी

लाज नाही, समानता. दोघांचंही ठेवा नाहीतर दोघांचंही साफ करा.

शुद्धमती

मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतच पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायची मुभा आहे. म्हणजे नियमाने अडचण नाही. पण मुभा ड्रायव्हरपुरती नाही, प्राध्यापकालाही लागू आहे, हे मावशींचं पटतं.

शाईचा_डाग

यावर माझ्याकडे ठाम उत्तर नाही. मी एवढंच करायचो की उच्चाराच्या पाच-सहा खुणा निवडायच्या, त्या सगळीकडे सारख्या ठेवायच्या, बाकी प्रमाण. इथे 'म्या', 'त्यो', 'न्हाय', 'म्होरं', 'आसं' पुरले असते. 'पाशिंजर' मी 'पॅसेंजर' केलं असतं, कारण तिथे वाचक शब्दावर हसतो, प्रसंगावर नाही. पण मावशी म्हणतात तसं प्राध्यापकांचं "यू नो" मी कायम काढत आलो, हे खरं आहे. का काढत आलो याचा विचार केला नव्हता.

बंड्या_रिटर्न्स

कारण प्राध्यापक दुसऱ्या दिवशी फोन करतात.

नाशिकचे_आजोबा

आता मला प्रश्न कळला. बंधूंच्या आठवणी छापल्या तेव्हा पुतण्याने त्यांचं सगळं बोलणं बदलून शुद्ध केलं. पुस्तक देखणं झालं. वहिनींनी दोन पानं वाचली आणि ठेवून दिलं. म्हणाल्या, हे तुमच्या भावाने केव्हा सांगितलं? बंधू दर वाक्याच्या आधी "ऐक" म्हणायचे. पुस्तकात एकही "ऐक" नाही.

माळावरची

आजोबा… यावर काय लिहू.

शाईचा_डाग, तुम्ही सांगितलंत तसं 'काय?'साठी पूर्ण रेकॉर्डिंग परत ऐकलं. दोन संध्याकाळी गेल्या. २१२ पैकी बहुतेक नुसते जाता जाता आहेत. थांबून म्हटलेले मला ११ सापडले. त्यातले काही गमतीचे, धुक्यासारखे.

पण एक ८३ व्या मिनिटाला आहे. त्यांच्या गाडीखाली एक माणूस आला होता, त्याबद्दल. चौकशी झाली, ते निर्दोष सुटले, ते सगळं त्यांनी भराभर सांगितलं. मग म्हणाले, "संध्याकाळी डेपूत आलो. गाडी धुतली. काय?" आणि त्यानंतर फाइलमध्ये १९ सेकंद नुसता पंखा आहे. मग, "आसू दे. च्या घ्या."

उतरवताना मी ते १९ सेकंद पुढे ढकलले होते. पहिल्या मसुद्यात माझं वाक्य काय होतं सांगू? "या अपघाताचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला." लाज वाटली.

चहाबाज

आजोबा, पंखा चालू होता ते बरंच झालं.

शाईचा_डाग

त्या जागी तुमचं एकही वाक्य नको. तीन वाक्यं त्यांची, मग तुमची एक ओळ: पंख्याचा आवाज येत राहिला. मग "आसू दे. च्या घ्या."

मी आधी सुचवणार होतो की लेखात एका भागातून दुसऱ्यात जाताना त्यांचं 'आसू दे' सांध्यासारखं वापरा. आता म्हणतो, बाकी सगळीकडचं काढा. ते इथे एकदाच येऊ दे.

काळा_कोट

सांध्यासारखं वापरणार होता म्हणजे न म्हटलेल्या जागी? बघा, म्हणून मला भीती वाटते.

शाईचा_डाग

मान्य. मोह होतो.

मुंबईची_मावशी

हा भाग छापण्याआधी तात्यांना वाचून दाखवा. त्यांनी तुम्हाला सांगितलं म्हणजे अख्ख्या गावाला सांगितलं असं होत नाही.

माळावरची

रविवारी जाऊन आले. पूर्ण लेख मोठ्याने वाचून दाखवला. घरात मुलगा आणि सूनही होती.

'घी' आणि 'म्होरं' ऐकून मुलगा म्हणाला, "बाबा शिकलेले नाहीत असं वाटतंय." तात्या त्याला म्हणाले, "सातवी पास हाय म्हनून ल्ही आत." तेवढं लिहिलंय. 'पाशिंजर'चं 'पॅसेंजर' केलं, त्यांना फरकच कळला नाही. 'डेपूत' मात्र त्यांनी दुरुस्त करून 'डेपोत' करायला लावलं. ते डेपोत नोकरीला होते, ते नाव नीट छापायचं म्हणे.

गाडी धुतल्याचा भाग वाचला तेव्हा ते काही बोलले नाहीत. मी विचारलं, ठेवू का? म्हणाले, "बघा तुमी." हे हो आहे की नाही, मला अजून कळलेलं नाही. पुढच्या आठवड्यात फोन करून परत विचारणार आहे.

आणि एक. निघताना दारापर्यंत आले आणि म्हणाले, "त्यो कंडक्टर. आटवला." नाव सांगितलं, गावही सांगितलं. धुक्यात दोन किलोमीटर चालला त्याचं नाव यायला पाहिजे, हे लेखातच घाला म्हणाले. रेकॉर्डिंग बंद होतं.

आता लेख १८२६ शब्द झालाय आणि त्या उताऱ्यात नाव कुठे बसवू ते सुचत नाहीये. अवतरणात नाही घालता येत ना?

काळा_कोट

अवतरणात अजिबात नाही.

सातारी_कंदी

छत्रीच्या वाक्यात 'कंडक्टर'च्या जागी नाव टाका. आणि २६ शब्द काढायचे असतील तर माझ्यामते धुक्याच्या उताऱ्याला हात लावू नका, सुरुवातीला घाटाचं वर्णन केलं असेल ना, तिथून काढा.

माळावरची

घाटाचं वर्णन दीडशे शब्दांचं आहे. :(